हवामान आलेख कसा वाचायचा: स्तंभ, रेषा आणि जळगावचं उदाहरण

मी जळगाव जिल्ह्यात भूगोल शिकवतो. दहावीची मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कधी त्यांचे पालक, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवली. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

सगळीकडे एकच तक्ता वापरला आहे. त्यातले आकडे जळगावच्या साधारण सरासरीजवळचे आहेत, पण काढायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. सरावाला ते पुरतात. प्रकल्पात लिहिताना मात्र भारतीय हवामान खात्याची अधिकृत सरासरी घ्या.

| महिना | पाऊस (मिमी) | कमाल (°से) | किमान (°से) | सरासरी (°से) |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ५ | ३० | १२ | २१ |
| फेब्रुवारी | ५ | ३२ | १४ | २३ |
| मार्च | ५ | ३७ | १९ | २८ |
| एप्रिल | ५ | ४१ | २३ | ३२ |
| मे | १० | ४२ | २६ | ३४ |
| जून | १३० | ३८ | २६ | ३२ |
| जुलै | १९० | ३२ | २४ | २८ |
| ऑगस्ट | १८० | ३१ | २३ | २७ |
| सप्टेंबर | १२० | ३३ | २३ | २८ |
| ऑक्टोबर | ४५ | ३५ | १९ | २७ |
| नोव्हेंबर | १५ | ३२ | १६ | २४ |
| डिसेंबर | १० | ३० | १२ | २१ |

१. सर, हवामान आलेख म्हणजे काय? पाऊस आणि तापमान वेगवेगळं काढलं तर काय बिघडतं?

एखाद्या ठिकाणचा बारा महिन्यांचा पाऊस स्तंभांनी आणि त्याच बारा महिन्यांचं तापमान रेषेने एकाच चौकटीत दाखवलं, की हवामान आलेख झाला. आडव्या अक्षावर महिने, डाव्या उभ्या अक्षावर पाऊस मिलिमीटरमध्ये, उजव्या उभ्या अक्षावर तापमान अंश सेल्सिअसमध्ये.

वेगळे काढले तर आकडे तेच राहतात, पण संबंध हरवतो. जळगावच्या आलेखात जूनला स्तंभ एकदम उभे राहतात आणि तिथूनच तापमानाची रेषा खाली वळते. ही एक गोष्ट दिसण्यासाठी दोन्ही एका कागदावर लागतात, कारण पाऊस हेच तापमान उतरण्याचं कारण आहे. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये.

आलेखातले आकडे एका वर्षाचे नसतात, बहुधा तीस वर्षांच्या सरासरीचे असतात. आज आभाळ आलं, ही झाली हवा. दरवर्षी जूनमध्ये आभाळ येतं, हे झालं हवामान. आलेख या दुसऱ्या गोष्टीचा असतो.

२. पावसाला स्तंभ आणि तापमानाला रेषाच का? उलटं काढलं तर मार्क जातात का?

जातात, आणि त्यामागे कारण आहे. पाऊस साठत जातो. जुलैचे १९० मिमी म्हणजे महिनाभर पर्जन्यमापकात पडलेल्या पाण्याची बेरीज. जून संपला की तो हिशेब बंद होतो आणि जुलैचा नवा सुरू होतो. म्हणून प्रत्येक महिन्याचा वेगळा स्तंभ.

तापमान असं साठत नाही. ते कायम असतंच, ३० जूनच्या रात्रीही आणि १ जुलैच्या पहाटेही. एका महिन्यातून दुसऱ्यात ते सलग सरकत जातं, म्हणून सलग रेषा. ‘मे महिन्याचं एकूण तापमान’ असं आपण म्हणत नाही, ‘मे महिन्याचा एकूण पाऊस’ म्हणतो. एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही.

३. दोन्ही बाजूंना आकडे असतात. कुठला कुणाचा, हे कसं ओळखायचं?

आधी अक्षाचं नाव वाचा, मग रेघेला पट्टी लावा. हा क्रम उलटा झाला की चूक ठरलेली.

एकदा एका मुलीने चाचणीत लिहिलं होतं, ‘जुलैमध्ये तापमान ४७ अंश असते’. मी तिला वही घेऊन बोलावलं आणि पट्टी कशी ठेवली ते करून दाखवायला सांगितलं. तिने पट्टी जुलैच्या स्तंभाच्या डोक्यावर अगदी अचूक आडवी ठेवली आणि बोट उजवीकडे नेलं. स्तंभ साडेनऊ सेंटिमीटर उंच होता आणि उजव्या अक्षावर एका सेंटिमीटरला ५ अंश होते. साडेनऊ गुणिले पाच, साडेसत्तेचाळीस. पट्टी सरळ, गुणाकार बरोबर, फक्त बाजू चुकली. डावीकडे गेली असती तर १९० मिमी मिळाले असते.

तेव्हापासून मी मुलांना डावा अक्ष आणि स्तंभ एका रंगात, उजवा अक्ष आणि रेषा दुसऱ्या रंगात काढायला लावतो. पाऊस निळा, तापमान लाल. आकडेसुद्धा त्याच रंगात. परीक्षेत रंगीत पेन चालत नसेल तर उत्तर लिहिल्यावर एकदा स्वतःला विचारा, आपल्याकडे जुलैत खरंच ४७ अंश असतात का? आलेखातून काढलेलं उत्तर अंगणातल्या अनुभवाशी ताडून पाहिलं की अशी चूक लगेच सापडते.

४. आलेख कागदावर काढताना प्रमाण कसं ठरवायचं?

सगळ्यात मोठा आकडा बघा. पावसात तो १९० आहे, म्हणून डावा अक्ष ० ते २०० घ्या. १ सेंमी = २० मिमी धरलं तर उंची १० सेंमी होते. सरासरी तापमानात सर्वांत मोठा आकडा ३४, म्हणून उजवा अक्ष ० ते ४०, १ सेंमी = ५ अंश, म्हणजे ८ सेंमी. दोन्ही एका चौकटीत बसतात. आडव्या अक्षावर प्रत्येक महिन्याला १ सेंमी दिला की १२ सेंमी झाले.

आधी स्तंभ काढा. जानेवारीचे ५ मिमी म्हणजे फक्त पाव सेंमी, पण तो स्तंभ गाळू नका. पाऊस नगण्य असणं हीसुद्धा माहिती आहे. मग तापमानाचे बिंदू द्या. बिंदू महिन्याच्या मधोमध येतो, स्तंभाच्या कडेला नाही, कारण तो पूर्ण महिन्याची सरासरी दाखवतो. मे ३४ अंश म्हणजे तळापासून ६.८ सेंमी. शेवटी बिंदू जोडा.

पावसाचा अक्ष नेहमी शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. स्तंभाची उंची हीच पावसाची मात्रा असते, तळ कापला तर १२० आणि १८० मधला फरक खोटा दिसायला लागतो. तापमानाच्या अक्षाला ही सक्ती नाही, तो १० पासून सुरू केला तरी चालतो. मात्र असा आलेख वाचताना सावध राहा. ३ अंशांचा फरकही त्यात डोंगराएवढा दिसू शकतो. म्हणून रेषेचा चढ डोळ्यांनी मोजू नका, आकड्यांनी मोजा.

५. हाच आलेख एक्सेलमध्ये काढला तर तापमानाची रेषा तळाशी चिकटते. काय चुकतंय?

दोन्ही आकडे एकाच अक्षावर गेले आहेत. २०० पर्यंतच्या अक्षावर २१ आणि ३४ यांच्यात फरक दिसणार नाही. महिना, पाऊस आणि सरासरी तापमान हे तीनच रकाने निवडा. Insert मध्ये Recommended Charts, तिथे All Charts, मग Combo. पावसाला Clustered Column, तापमानाला Line with Markers निवडा आणि तापमानापुढच्या Secondary Axis च्या चौकटीत खूण करा. त्यानंतर दोन्ही अक्षांना नावं द्यायला विसरू नका, ती आपोआप येत नाहीत.

६. ‘आलेखाचे निरीक्षण करून हवामानाचे वर्णन करा’ असा प्रश्न आला की सुरुवात कुठून करू?

बहुतेक मुलं जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकेका महिन्याचा आकडा लिहीत जातात. त्याने तक्ता शब्दांत उतरतो, वर्णन होत नाही. वर्णन करायचं म्हणजे बारा स्तंभ आणि एक रेषा यांचा आकार सांगायचा आणि त्या आकाराचं कारण सांगायचं.

मी आधी पावसाकडे बघायला सांगतो, कारण आपल्या भागात वर्षाचे तुकडे पावसाने पडतात. सगळे स्तंभ बेरजेत घ्या: ७२० मिमी. मग ते कुठे गोळा झालेत ते बघा. जून ते सप्टेंबर १३० + १९० + १८० + १२०, म्हणजे ६२० मिमी. ७२० पैकी ६२० म्हणजे सुमारे ८६ टक्के पाऊस चार महिन्यांत. ‘जुलैत सर्वांत जास्त पाऊस पडतो’ या वाक्यापेक्षा ही टक्केवारी कितीतरी जास्त सांगते. उरलेल्या आठ महिन्यांना मिळून १०० मिमी आणि त्यातलेही ४५ ऑक्टोबरमध्ये, म्हणजे परतीच्या पावसात. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने मिळून २० मिमी. विहिरीला पाणी कधी असतं आणि कधी तळ दिसतो, हे या तीन बेरजांत आलं.

मग रेषा. तिचं सर्वांत उंच टोक मे, ३४ अंश. सर्वांत खालचं डिसेंबर आणि जानेवारी, २१ अंश. दोन्हींतला फरक १३ अंश, ही वार्षिक तापमान कक्षा. बाराही सरासऱ्यांची बेरीज ३२५, भागिले १२, म्हणजे वर्षाची सरासरी सुमारे २७ अंश. कक्षेला अर्थ तुलनेने येतो. मुंबईची कक्षा साधारण ६ अंशांची असते, कारण समुद्र जवळ आहे आणि पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. जळगावची तिच्या दुप्पट आहे. म्हणून ‘समुद्रापासून दूर असल्याने हवामान विषम आहे’ हे वाक्य आलेखाच्या आधाराने लिहिता येतं, पाठांतराच्या नव्हे.

तिसरी पायरी म्हणजे दोन्ही एकत्र वाचणं. रेषा कुठे वळते आणि तेव्हा स्तंभ काय करतात? मेपर्यंत रेषा चढते, स्तंभ जवळजवळ नाहीत. जूनला स्तंभ उभे राहतात, रेषा उतरते. सप्टेंबरनंतर स्तंभ खुजे होतात, रेषा किंचित अडखळते आणि मग हिवाळ्याकडे घसरते. इथे ऋतू आपोआप पडतात.

आता सगळं मिळून उत्तर असं होईल:

‘या ठिकाणी वर्षाला सुमारे ७२० मिमी पाऊस पडतो. त्यापैकी सुमारे ८६ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो, त्यामुळे पावसाळा आणि कोरडा काळ स्पष्टपणे वेगळे आहेत. सर्वाधिक पाऊस जुलैमध्ये (१९० मिमी) असून जानेवारी ते एप्रिल हे महिने जवळजवळ कोरडे आहेत. मे हा सर्वांत उष्ण (३४ अंश), तर डिसेंबर व जानेवारी हे सर्वांत थंड महिने (२१ अंश) आहेत. वार्षिक तापमान कक्षा १३ अंश आहे, यावरून ठिकाण समुद्रापासून दूर असावे. पावसाळा सुरू होताच तापमान कमी होते. यावरून येथील हवामान उष्ण मोसमी स्वरूपाचे, मध्यम पावसाचे आहे.’

आकडे थोडेच आहेत आणि प्रत्येक आकड्यामागे एक ‘म्हणून’ आहे. तपासणारा तेच शोधतो.

७. सूर्य जूनमध्ये सर्वांत उत्तरेला असतो. मग सर्वांत जास्त तापमान मेमध्ये का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने आलेख खरंच पाहिलेला असतो.

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्याला. म्हणजे भर दुपारचं ऊन दोन्ही वेळेला सारखंच सरळ पडायला हवं. पण तक्त्यात मे ३४ अंश आणि जुलै २८. सूर्य तोच, सहा अंश गेले कुठे?

ते ढगांनी आणि पाण्याने घेतले. मेमध्ये आकाश निरभ्र असतं, काळी जमीन भेगाळून कोरडी पडलेली असते आणि आलेली उष्णता जवळजवळ सगळी जमीन आणि हवा तापवण्यात जाते. आखाजीच्या झोक्यावर दुपारी कुणी का बसत नाही, याचं उत्तर तिथे आहे. जुलैत ढग बराचसा सूर्यप्रकाश वरच अडवतात, आणि जो खाली येतो त्यातला मोठा भाग ओल्या मातीतलं आणि पिकांतलं पाणी वाफ करण्यात खर्च होतो.

कमाल आणि किमान वेगळे बघितले की हे अजून स्पष्ट होतं. मे ते ऑगस्ट कमाल तापमान ४२ वरून ३१ वर येतं, तब्बल ११ अंश. किमान मात्र २६ वरून २३, फक्त ३ अंश. ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून पावसाळ्यात दिवस उतरतात, रात्री फारशा उतरत नाहीत.

युरोपातल्या ठिकाणाचा आलेख पाहिला तर रेषेचं टोक जुलैत असतं. टोक मेमध्ये आणि पाठोपाठ उंच स्तंभ दिसले, की आपण मोसमी प्रदेशात आहोत असं समजायला हरकत नाही.

८. ऑक्टोबर हीट एवढी जाणवते, मग आलेखात दिसत का नाही? सप्टेंबर २८ आणि ऑक्टोबर २७, उलट कमी झालंय!

तक्ता चुकलेला नाही. रेषा सरासरीची आहे, आणि ऑक्टोबरची सरासरी फसवी असते.

महिन्याचं सरासरी तापमान काढताना कमाल आणि किमान मिळवून दोनाने भागतात. सप्टेंबर: ३३ आणि २३, सरासरी २८. ऑक्टोबर: ३५ आणि १९, सरासरी २७. दुपार दोन अंशांनी तापली, पण पहाट चार अंशांनी निवली. भागाकारात पहाटेने दुपारला झाकून टाकलं. ढग सरले की दोन्ही गोष्टी एकदम होतात: दिवसा ऊन थेट येतं आणि रात्री उष्णता मोकळी निघून जाते. त्यात जमिनीत ओल असते, हवा दमट असते, म्हणून ३५ अंशही जीव नकोसा करतात.

यावर उपाय म्हणजे एका रेषेऐवजी कमाल आणि किमान अशा दोन रेषा काढणं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे दैनिक तापमान कक्षा. जानेवारीत ती १८ अंश आहे, ऑगस्टमध्ये फक्त ८. पावसाळ्यात दोन रेषा एकमेकींजवळ येतात आणि ऑक्टोबरपासून पुन्हा लांब होतात. कपाशी वेचणाऱ्या बाईला सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्याला रुमाल का लागतो, ते या अंतरात दिसतं. प्रश्नात ‘सरासरी तापमान’ लिहिलंय की ‘कमाल तापमान’, ते म्हणूनच आधी वाचा.

९. रेषा स्तंभाच्या वर असली की तो महिना कोरडा, असं क्लासमध्ये सांगितलं. बरोबर आहे का?

फक्त एका अटीवर. दोन अक्षांचं प्रमाण १० अंशांना २० मिमी असं बांधलेलं असेल तरच. म्हणजे उजवीकडे जिथे १० अंश, डावीकडे त्याच उंचीवर २० मिमी. गॉसेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे आणि वॉल्टर व लीथ यांच्या पद्धतीचे आलेख याच प्रमाणावर काढतात. त्यात महिन्याचा पाऊस तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी असला तर महिना कोरडा धरतात. कल्पना अशी की हवा जितकी गरम, तितकं पाणी वाफ होऊन जाणार.

प्रश्न ४ मध्ये आपण घेतलेलं प्रमाण तसं नाही. त्यात ५ अंश आणि २० मिमी एका उंचीवर आहेत, म्हणून रेषा आणि स्तंभ कुठे छेदतात याला काही अर्थ नाही. प्रमाण बदललं की छेदबिंदू सरकतो. अशा वेळी आलेखावर न विसंबता आकडेमोड करा. जून: ३२ ची दुप्पट ६४, पाऊस १३०, ओला. सप्टेंबर: ५६ विरुद्ध १२०, ओला. ऑक्टोबर: २७ ची दुप्पट ५४, पाऊस ४५, म्हणजे कोरडा. गंमत म्हणजे आपल्या शाळेच्या आलेखावर ऑक्टोबरचा स्तंभ रेषेखाली दिसतो, तसाच सप्टेंबरचा १२० चा स्तंभही रेषेला जेमतेम ओलांडतो. नुसत्या नजरेने निकाल दिला असता तर सप्टेंबर काठावरचा वाटला असता, हिशेबात मात्र तो निःसंशय ओला आहे.

तर जळगावला या नियमाने चार महिने ओले आणि आठ कोरडे. पण नियम मातीतली ओल मोजत नाही. काळ्या जमिनीत सप्टेंबरचं पाणी बराच काळ टिकतं, म्हणून ‘कोरड्या’ ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याची पेरणी होते.

१०. दोन ठिकाणी वर्षाचा पाऊस सारखा असेल तर हवामानही सारखंच का?

नाही. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या जळगावपेक्षा कमी. तरी लंडन बारमाही हिरवं आणि आपल्याकडे मार्चपासून माळ पिवळा. लंडनच्या आलेखात बाराही स्तंभ जवळपास एका उंचीचे असतात आणि रेषा हिवाळ्यात ५-६ अंशांवर, उन्हाळ्यात १८-१९ अंशांवर असते. थंड हवेत बाष्पीभवन कमी, म्हणून थोडं पाणीही पुरतं. प्रश्न ९ चा नियम लावला तर तिथे एकही महिना कोरडा ठरत नाही. एकूण पाऊस लिहिल्यावर लगेच वितरण लिहायचं ते यासाठी.

११. नाव नसलेला आलेख देऊन ‘ठिकाण ओळखा’ म्हणतात. युक्ती काय?

पहिली नजर रेषेवर. मध्ये फुगवटा असेल तर उत्तर गोलार्ध. जानेवारीत वर, जुलैत खाली, मध्ये खळगा असेल तर दक्षिण गोलार्ध. जवळजवळ सपाट असेल तर विषुववृत्ताजवळ, किंवा समुद्रकाठी.

मग उंच स्तंभ कुठल्या महिन्यांत आहेत ते बघा. भारतातली ठिकाणं दिली असतील तर जुलैचा स्तंभ आठशे मिमीच्या पुढे गेला की मुंबईसारखी किनारपट्टी. सर्वांत उंच स्तंभ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतील तर चेन्नई, कारण तिथे परतीच्या काळातले ईशान्य वारे जास्त पाऊस देतात. जुलै-ऑगस्ट दोनशेच्या आत, मे तापलेला आणि कक्षा बारा-तेरा अंश असेल तर दख्खनच्या आतला किंवा तापी खोऱ्यासारखा भाग. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या आलेखात मात्र जून-जुलैत रेषा खाली आणि स्तंभ वर असतात. तो घाईत मोसमी समजून बरेच जण फसतात. पाऊस तिथेही जूनमध्येच असतो, पण तो त्यांचा हिवाळा.

१२. जळगाव ‘मोसमी’ की ‘अर्धशुष्क’? दोन पुस्तकांत दोन नावं आहेत.

दोन्ही नावं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मोसमी म्हणजे पाऊस कधी आणि कोणत्या वाऱ्याने येतो. अर्धशुष्क म्हणजे आलेला पाऊस तिथल्या उष्णतेला पुरतो का.

कोपेनच्या वर्गीकरणात दुसरी गोष्ट तपासतात. ७० टक्के किंवा अधिक पाऊस उन्हाळ्याच्या सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल, तर वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणून त्यात २८० मिळवायचे. आपल्या तक्त्यात एप्रिल ते सप्टेंबर ६३५ मिमी, म्हणजे ८८ टक्के, अट पुरी झाली. २७ × २० + २८० = ८२०. पाऊस ७२०, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून शुष्क गट. पण मर्यादेच्या निम्म्याहून, ४१० हून, जास्त, म्हणून वाळवंट नव्हे तर उष्ण अर्धशुष्क.

जळगाव सीमेच्या जवळ आहे. वार्षिक पाऊस शंभर मिमीने जास्त धरला की नाव बदलून ‘सॅव्हाना’ होतं. म्हणून वेगवेगळ्या काळाची सरासरी घेणाऱ्या नकाशांत वेगवेगळी नावं दिसतात. शालेय परीक्षेत ‘उष्ण मोसमी’ लिहा, पुढच्या परीक्षांत वर्गीकरणाचं नाव घेऊन अर्धशुष्क लिहा.

१३. मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे. जळगावचा आलेख आमच्या गावाला चालेल का?

तुमचं गाव कुठे आहे त्यावर ठरेल. खान्देश नकाशावर एक दिसतो, पावसात नाही. धुळे, शिंदखेडा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, तिथे स्तंभ जळगावपेक्षा बुटके. नवापूरकडे समुद्रावरून येणारे वारे आधी पोचतात आणि वर्षाचा पाऊस हजार मिमी ओलांडतो. या दोन भागांत रेषेचा आकार जवळपास सारखाच राहतो, बदलतात ते स्तंभ.

तोरणमाळला मात्र रेषाच खाली सरकते. ते सातपुड्यात साधारण ११५० मीटर उंचीवर आहे, नंदुरबार शहर सुमारे २०० मीटरवर. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश घट धरली तर साडेनऊशे मीटरला सहा अंशांच्या आसपास फरक येतो. खालच्या गावात ३४ असेल तेव्हा वर २८. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. हिवाळ्यात थंड हवा दरीत उतरून साचते, तेव्हा पहाटेचा हिशेब उलटाही होतो.

पावसाची नोंद महसूल मंडळापर्यंत मिळते, तापमानाची केंद्रं त्यामानाने थोडी. गावासाठी आलेख काढायचा तर पाऊस स्वतःच्या मंडळाचा घ्या, तापमान साधारण त्याच उंचीवरच्या जवळच्या केंद्राचं घ्या, आणि आलेखाखाली दोन्ही केंद्रांची नावं लिहा.

१४. आलेखात जून १३० मिमी. आमच्याकडे मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली. मग आलेख खोटा का?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारला होता, आणि त्यांच्या आवाजात नुकसानीचं दुःख होतं. म्हणून उत्तर जपून देतो.

आलेख खोटा नाही, पण तो पेरणीचं वेळापत्रकही नाही. १३० ही सरासरी आहे. एका वर्षी ४० आणि दुसऱ्या वर्षी २२० पडला तरी त्या दोन वर्षांची सरासरी १३० च येते. स्तंभ मधला आकडा दाखवतो, दोन्ही बाजूंची ओढाताण दाखवत नाही. आणि सरासरी बरोबर पडली तरी ती महिन्यात कशी पडली ते कळत नाही. १३० मिमी दोन दिवसांत कोसळले आणि पुढे वीस दिवस उघडीप राहिली तर बी करपतं, आलेखात मात्र जून भरलेलाच दिसतो.

यासाठी दुसरे दोन आकडे शोधावे लागतात. एक म्हणजे पावसाचे दिवस. आपल्याकडे २४ तासांत २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस मोजतात. दुसरा म्हणजे वर्षावर्षातला फरक, म्हणजे गेल्या वीस-तीस वर्षांतल्या प्रत्येक जूनचे वेगवेगळे आकडे. माझ्या वर्गात आम्ही हे करून पाहतो: सरासरीच्या स्तंभावर प्रत्येक वर्षाच्या जूनचा एकेक ठिपका देतो. जूनचे ठिपके स्तंभाच्या खूप वर आणि खूप खाली विखुरतात. त्या वडिलांना मी तोच कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि खालच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हा कोणत्या सालचा?’